बोललेल्या वाक्याची चाल कशी बांधावी

चाल लावायला बसलेला नवखा माणूस बहुतेक वेळा आधी स्वर शोधतो. पेटी उघडतो, एखादी ओळख असलेली स्वरावली वाजवतो आणि तिच्यात शब्द बसवू लागतो. शब्द बसतातही, पण वाक्य मरतं. विनवणी विनवणी राहत नाही, हाक हाक राहत नाही. इथे आपण उलट्या बाजूने जाणार आहोत. माणसाने सहज बोललेलं एक वाक्य घ्यायचं, त्याची लय आणि चढउतार मोजायचे आणि त्यातूनच चाल काढायची. हाताशी फोन, पेटी (किंवा पेटीचं ॲप) आणि जमलं तर संगणक असावा. सा ओळखून गाता येत असेल आणि दादरा-केरव्याचा ठेका हाताने धरता येत असेल, तर एवढं संगीत पुरे.

उदाहरणासाठी हे वाक्य घेऊ: धाकटी बहीण बाहेरून भिजत आली आहे आणि आत असलेल्या ताईला म्हणते, «अगं, दार उघड ना, पाऊस आलाय!»

पहिली पायरी: वाक्य मिळवणं

कागदावरून वाचलेलं वाक्य या कामाला चालत नाही. वाचताना आवाज सपाट होतो, शब्द एकसारख्या अंतराने पडतात आणि प्रत्येक तुकड्याचा शेवट एकाच पद्धतीने होतो. वाक्य बोलणाऱ्याला समोरच्याकडून खरंच काहीतरी हवं असलं पाहिजे. घरातल्या माणसाची परवानगी घ्या, फोन चालू करून बाजूला ठेवा आणि प्रसंग घडू द्या. तसं शक्य नसेल तर बोलणाऱ्याला वाक्य न देता प्रसंग सांगा: «तू दाराबाहेर आहेस, भिजते आहेस, ताई आत आहे.» तिच्या तोंडून जे येईल ते घ्या.

आणि जे येईल ते दुरुस्त करू नका. «आलाय» चं «आला आहे» केलंत की दोन तुकड्यांचे चार होतात आणि सगळी लय बदलते.

चेक संगीतकार लिओश यानाचेक १८९० च्या दशकाच्या अखेरीपासून १९२८ मध्ये मृत्यू येईपर्यंत मोराव्हियातल्या लोकांच्या बोलण्याच्या अशा स्वररेषा वहीत टिपत असे. बाजारातल्या बायका, मुलं, रस्त्यावरचे अनोळखी लोक, सगळ्यांच्या. स्वरांच्या बाजूला तो कोण बोललं, कुठे, कशा मनःस्थितीत, हेही लिहायचा. ही सवय उचलण्यासारखी आहे, कारण दोन आठवड्यांनी रेकॉर्डिंग ऐकताना तो चढलेला स्वर रागाचा होता की लाडाचा, हे आठवत नाही आणि नेमकं तेच चालीला हवं असतं.

रेकॉर्डिंग करताना पंखा बंद ठेवा. पावसाचा खरा आवाज मागे असला तर पुढे स्वर मोजणं फार कठीण जातं. फोनच्या रेकॉर्डरमध्ये WAV निवडता येत असेल तर तेच निवडा, कारण पुढे लागणारं Praat हे मोफत सॉफ्टवेअर फोनवरच्या m4a फाइली उघडत नाही.

दुसरी पायरी: तेच ते पुन्हा पुन्हा ऐकणं

वाक्य तोडून घ्या आणि लागोपाठ दहा-पंधरा वेळा वाजू द्या. मानसशास्त्रज्ञ डायना डॉइच यांच्या १९९५ मध्ये लक्षात आलं, की बोललेला तुकडा जसाच्या तसा सतत ऐकत राहिलं तर तो थोड्या वेळाने गायल्यासारखा ऐकू येऊ लागतो. आवाजात काहीही बदललेलं नसतं, आपला कान अर्थ सोडून स्वर पकडू लागतो. प्रत्येक तुकड्याच्या बाबतीत हे घडतंच असं नाही, पण घडलं तर सोनं. त्या क्षणी जे स्वर मनात उमटतात ते गुणगुणून लगेच दुसऱ्या फोनवर ठेवून द्या. पुढचं मोजमाप अडलं की हे गुणगुणणंच पंच म्हणून कामाला येतं.

तिसरी पायरी: उच्चाराचे तुकडे पाडणं

आता वाक्याचे तोंडातून आले तसे तुकडे पाडा, लिहिले तसे नव्हे. मराठीत आपण «उघड» हे तीन अक्षरांत लिहितो, पण बोलतो दोन तुकड्यांत: उ, घड. «दार» हा एकच तुकडा. आपल्या वाक्याचे असे दहा तुकडे होतात:

अ – गं – दार – उ – घड – ना – पा – ऊस – आ – लाय

ओव्या-अभंग गाताना शब्दाच्या शेवटचा अ पूर्ण म्हणायची आपल्याला सवय असते, त्यामुळे नवखे लोक इथे «उ-घ-ड» असे तीन तुकडे करतात आणि बोलण्याची लय पहिल्याच पायरीला हरवून बसतात. अभंगात ते शोभतं. बोलण्यातून निघालेल्या चालीत तो जास्तीचा अ लगेच परका वाटतो.

चौथी पायरी: अंतरं मोजणं

प्रत्येक तुकडा सुरू कुठे होतो? इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. कानाला तुकड्याचा ठोका ऐकू येतो तो साधारण स्वराच्या सुरुवातीला, व्यंजनाच्या सुरुवातीला नव्हे. «पा» म्हणताना टाळी द्या. टाळी ओठ मिटताना पडत नाही, आ सुटताना पडते. म्हणून अंतर मोजायचं ते एका स्वराच्या आरंभापासून पुढच्या स्वराच्या आरंभापर्यंत. व्यंजनापासून मोजलंत तर «स»सारख्या लांब घासून येणाऱ्या व्यंजनांपाशी सगळा हिशेब चुकतो.

Praat मध्ये फाइल उघडून `View & Edit` दाबलं की आवाजाची लाट दिसते. खाली राखाडी पट्ट्यांच्या चित्रात स्वर गडद आणि आडवे दिसतात. तुकड्याच्या गडद भागाच्या डाव्या कडेवर क्लिक करून वेळ वाचा आणि लिहून घ्या. संगणक नसेल तर रेकॉर्डिंग अर्ध्या वेगाने वाजवून बोटाने ठेका धरला तरी लांब-आखूड कळतं, फक्त हे दोन-तीनदा करून उत्तर जुळतं का ते पाहावं लागतं.

समजा, आपल्या वाक्यात ही अंतरं मिळाली (एका सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले इतके):

| तुकडा | अंतर | मात्रा |
|---|---|---|
| अ | १३० | १ |
| गं | २७० | २ |
| दार | २६० | २ |
| उ | १३० | १ |
| घड | २७० | २ |
| ना | ५४० | ४ |
| पा | १८० | १ |
| ऊस | २४० | २ |
| आ | १४० | १ |
| लाय | ४०० | ३ |

शेवटच्या «लाय» ला पुढे स्वर नाही, म्हणून आवाज थांबेपर्यंतचा वेळ घेतला. «ना» च्या ५४० मध्ये त्यानंतरचा श्वासही आला.

मात्रा काढताना सगळ्यात आखूड अंतर एकक धरलं: १३०. बाकीच्यांना त्याने भागून जवळचा पूर्णांक घेतला. २७० आणि २६० मधला फरक कानाला कळत नाही, दोन्ही दोनच. अडचण «पा» शी येते. १८० भागिले १३० म्हणजे जवळजवळ दीड, मग एक धरायचं की दोन? अशा वेळी शेजाऱ्यासकट बेरीज करा. पा आणि ऊस मिळून ४२०, म्हणजे तीन मात्रा. ऊस मोठा आहे, म्हणून दोन त्याला आणि एक पा ला.

एकक अजून लहान करून प्रत्येक आकडा तंतोतंत बसवण्याचा मोह होतो. तो टाळा. एकक जितकं बारीक, तितकं सगळंच बसतं आणि ठेका मात्र कुठेच उरत नाही. एक, दोन, तीन, चार एवढ्यांत वाक्य मावलं पाहिजे.

पाचवी पायरी: ताल निवडणं

«अगं, दार उघड ना» या भागाच्या मात्रा झाल्या बारा. «पाऊस आलाय» च्या सात. मागे पाच मात्रा मोकळ्या सोडल्या तर तोही बाराचा होतो आणि एकूण चोवीस. चोवीस म्हणजे दादऱ्याची चार आवर्तनं. पण चोवीस म्हणजे केरव्याची तीन आवर्तनंही! मग घ्यायचं काय?

हा निर्णय बेरजेवर होत नाही. सम आणि काल कुणाच्या वाट्याला येतात, ते पाहायचं. दादऱ्यात सम पहिल्या मात्रेला आणि काल चौथ्या. आपल्या वाक्यात चौथ्या मात्रेवर «दार» येतं, सातव्या मात्रेवर, म्हणजे दुसऱ्या समेवर, «घड», आणि तेराव्यावर, तिसऱ्या समेवर, «पा». केरव्यात सम पहिल्या, नवव्या आणि सतराव्या मात्रेला. तिथे अनुक्रमे अ, «ना» आणि «लाय» पडतात, «दार» आणि «घड» मात्र ठोक्यांच्या अधेमधे लटकतात. म्हणजे दादऱ्यात ऐकणाऱ्याला दार, उघडणं आणि पाऊस ऐकू येईल, केरव्यात ऐकू येईल ती आर्जवाची शेपटी.

पुन्हा रेकॉर्डिंग ऐका. बोलणारीने जोर कशावर दिला होता? आपल्या उदाहरणात दार, घड आणि पा हेच तुकडे मोठ्याने आले आहेत, म्हणून दादरा. तीच बहीण जर रडकुंडीला येऊन «नाऽऽ» वर आपटली असती, तर मी बेधडक केरवा घेतला असता.

मात्रेला १३० हा बोलण्याचा वेग आहे, गाण्याचा नव्हे. त्या वेगाने मिनिटाला साडेचारशेहून जास्त मात्रा होतील. सगळ्याच मात्रा सारख्या प्रमाणात लांबवा. मिनिटाला दोनशेच्या आसपासचा दादरा इथे चांगला बसतो, म्हणजे बोलण्याच्या दुपटीहून थोडा संथ. तिपटीच्या पलीकडे गेलात की माझ्या कानाला तरी वाक्य बोललेलं वाटत नाही, सुटे शब्द वाटतात.

सहावी पायरी: स्वरांची उंची

Praat मध्ये `Pitch` चालू केलं की आवाजाची उंची रेषेने दिसते. प्रत्येक तुकड्याच्या स्वराच्या मध्यावर क्लिक करून F5 दाबलं की हर्ट्झमध्ये आकडा मिळतो. मध्यावरच का? कारण व्यंजनं उंची हलवतात. घ, भ, ध यांसारख्या महाप्राण व्यंजनांनंतर स्वर सुरुवातीला खाली ओढला जातो आणि मग सावरतो. «घड» च्या आरंभाला मोजलंत तर एक-दीड पट्टी खालचा स्वर हाती येईल.

रेषा मध्येच दुप्पट वर किंवा निम्म्यावर उडी मारताना दिसली तर तो बोलणाऱ्याचा स्वर नाही, सॉफ्टवेअरची चूक आहे. सेटिंगमध्ये बाईच्या आवाजाला साधारण १०० ते ५०० आणि पुरुषाच्या आवाजाला ७५ ते ३०० हर्ट्झ अशी मर्यादा घातली की बहुतेक उड्या थांबतात. «स» पाशी रेषा तुटते ते बरोबरच आहे, तिथे स्वर नसतोच.

वाक्य जिथे खाली येऊन टेकतं, तो सा धरा. आपल्या उदाहरणात «लाय» १९६ वर येऊन थांबतो, म्हणजे नेमकी पांढरी पाच. आता बाकीचे तुकडे सा पासून किती पट्ट्या वर आहेत (पांढऱ्या-काळ्या सगळ्या मोजून) हे काढायला स्प्रेडशीटमध्ये हे सूत्र घाला. A2 मध्ये हर्ट्झचा आकडा असेल:

```
=12*LOG(A2/196,2)
```

| तुकडा | हर्ट्झ | पट्ट्या | घेतलेला स्वर |
|---|---|---|---|
| अ | २३५ | ३.१ | ग॒ |
| गं | ३०० | ७.४ | प |
| दार | २५५ | ४.६ | म |
| उ | २४५ | ३.९ | ग॒ |
| घड | २९० | ६.८ | प |
| ना | ३५० वरून ३०० | १०.० वरून ७.४ | नि॒ वरून प |
| पा | २७५ | ५.९ | प |
| ऊस | २६२ | ५.० | म |
| आ | २३५ | ३.१ | ग॒ |
| लाय | २३० वरून १९६ | २.८ वरून ० | रे वरून सा |

(अक्षराखालची आडवी रेघ म्हणजे कोमल.)

शेवटचा रकाना आकड्यांशी सगळीकडे जुळत नाही, आणि या लेखात मला सर्वांत जास्त जे सांगायचं आहे ते इथेच आहे. बोलणं पेटीच्या पट्ट्यांवर चालत नाही. त्याला जवळच्या स्वरावर बसवावंच लागतं आणि बसवताना काहीतरी सोडावं लागतं. सोडायचं ते नेमकं अंतर. दिशा सोडायची नाही. आवाज वर गेला असेल तिथे चाल वर गेली पाहिजे, उतरला तिथे उतरली पाहिजे.

कोमल ग आणि कोमल नि आपोआप आले, म्हणून काफीचे स्वर घेतले. त्या सप्तकात «पा» चा ५.९ हा आकडा मध्यम आणि पंचमाच्या मधोमध पडतो. मध्यम घेतला तर पा आणि ऊस दोन्ही एकाच स्वरावर येतात आणि बोलण्यातला उतार सपाट होतो. म्हणून पंचम. «उ» चं उत्तर ३.९, म्हणजे खरं तर शुद्ध गंधार, पण तो काफीत नाही. मध्यम घेतला तर «दार» शी बरोबरी होते, म्हणून कोमल गंधार. «लाय» ची सुरुवातही गंधाराजवळ होते, पण «आ» आधीच तिथे बसलाय, म्हणून एक पायरी खाली, रिषभावर. प्रत्येक वेळी विचारायचं ते एकच: शेजारच्यापेक्षा वर की खाली? कुणी उ ला शुद्ध गंधार ठेवून दोन्ही गंधारांची, पिलूच्या वळणाची चाल केली तरी ती चुकीची नाही, फक्त नवख्या गायकाला ती सांभाळणं जड जातं.

«ना» आणि «लाय» हे दोन तुकडे एका स्वरावर थांबत नाहीत, घसरतात. तिथे मींड ठेवा. विनवणी त्या घसरण्यातच आहे. पेटीवर नि आणि प सुटे वाजवले तर ती ऐकू येत नाही, गळ्यानेच करून पाहायला हवं.

सातवी पायरी: मांडणी आणि गाणं

दादऱ्यात मांडल्यावर चाल अशी दिसते. ऽ म्हणजे आधीचाच स्वर लांबवणे, टिंब म्हणजे मोकळी मात्रा.

```
मात्रा   १    २    ३    ४    ५    ६
(१)     ग॒   प    ऽ    म    ऽ    ग॒
        अ    गं   ऽ    दार  ऽ    उ

(२)     प    ऽ    नि॒   ऽ    प    ऽ
        घड   ऽ    ना   ऽ    ऽ    ऽ

(३)     प    म    ऽ    ग॒   रे   ऽ
        पा   ऊस   ऽ    आ    लाय  ऽ

(४)     सा   .    .    .    .    .
        ऽ
```

गाताना लांब मात्रा स्वराने भरायची, व्यंजन अगदी शेवटी सोडायचं. «दार» चा र लवकर आला तर मागे पोकळी राहते. «लाय» मध्ये आ धरून ठेवा, य धरला तर शब्द «लाईई» होतो. «घड» वर दोन मात्रा आहेत आणि तिथे अ चा आ होण्याचा धोका आहे. «दार उघाड ना» ऐकू आलं की समजा, तोंड जास्त उघडलं गेलं. आणि चौथी पायरी आठवा: व्यंजन ठोक्याच्या किंचित आधी, स्वर ठोक्यावर. «पा» चा प समेवर फोडायला गेलात तर आ उशिरा येतो आणि तबलजीला तुम्ही मागे पडल्यासारखे वाटता.

चाल जमली की नाही हे तपासायला प्रसंग माहीत नसलेल्या माणसाला ती शब्दांशिवाय, नुसत्या «ल» वर म्हणून दाखवा आणि विचारा: हा प्रश्न आहे, हुकूम आहे, की कुणी काही मागतंय? «मागतंय» हे उत्तर आलं तर लय आणि दिशा दोन्ही वाचल्या. «हुकूम» आलं तर बहुतेक वेळा «ना» ची मींड गेलेली असते किंवा त्याच्या चार मात्रांच्या दोन झालेल्या असतात. काहीच कळलं नाही तर स्वर बदलत बसू नका, चौथ्या पायरीवर जा. स्वर थोडे इकडेतिकडे झाले तरी वाक्य ओळखू येतं, लांब-आखूड बिघडलं की येत नाही.

दुसरी परीक्षा शब्दांसकट. चाल म्हणा आणि लगेच मूळ रेकॉर्डिंग वाजवा. एखादा तुकडा ऐकताना दचकल्यासारखं होतं का पाहा, बिघाड तिथेच असतो. हो-नाही विचारणाऱ्या वाक्यांत («आलास का?») ही परीक्षा सोडूच नका, कारण शेवटचा चढलेला स्वर चालीच्या सोयीसाठी सा वर आणून ठेवला की प्रश्नाचं विधान होतं.

सगळी वाक्यं या रीतीला बधत नाहीत. बातम्यांसारखं एकसुरी बोलणं, पाठ केलेली भाषणं, घाईत एका दमात फेकलेली लांब वाक्यं यांतून फारसं काही निघत नाही. आठ ते बारा तुकड्यांचं, मध्ये एक श्वास असलेलं, कुणाला तरी उद्देशून बोललेलं वाक्य सुरुवातीला घ्या.

राहता राहिल्या चौथ्या आवर्तनातल्या पाच मोकळ्या मात्रा. त्या नुसत्या ठेक्यावर सोडता येतात, पण आतून ताईचं उत्तरही आलेलं असेल तर तेही मोजून पाहा. «थांब, आले!» यात थांब दोन, आ एक, ले दोन, अशा पाचच मात्रा होतात. ताई चालत चालत बोलते, म्हणून «ले» वर आवाज चढतो: थांब ला म, आ ला ग॒, ले ला प. चौथं आवर्तन मग असं भरतं, आणि ले च्या पंचमावरून पुढच्या समेला पुन्हा «अगं» च्या गंधारावर उतरता येतं:

```
मात्रा   १    २     ३    ४    ५    ६
(४)     सा   म     ऽ    ग॒   प    ऽ
        ऽ    थांब  ऽ    आ    ले   ऽ
```